गाय व्याते, सोनं व्यात नाही : दगडी भिंतींच्या झिम्बाब्वेची गोष्ट



पाचवीच्या वर्गात व्यापार हा विषय चालला होता. मी सहज विचारलं, "तुम्हाला एक किलो सोनं देऊ की शंभर गायी?" जवळजवळ सगळे हात सोन्यासाठी वर गेले. मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र म्हणाला, "बाई, मी गायी घेईन. गाय व्याते, सोनं व्यात नाही." त्याच्या घरी दोन म्हशी आहेत, त्यामुळे तो ऐकीव बोलत नव्हता. वर्ग हसला. मी हसले नाही, कारण नेमक्या याच हिशोबावर आफ्रिकेत एक मोठं राज्य उभं राहिलं होतं आणि त्याबद्दल आपण मुलांना जवळजवळ काहीच सांगत नाही. आफ्रिका म्हटलं की सिंह, जंगल आणि पिरॅमिड, एवढंच. म्हणून त्या आठवड्यात वर्गात जे सांगितलं, ते इथं थोडं सविस्तर लिहिते आहे.

हे ठिकाण म्हणजे ग्रेट झिम्बाब्वे. आजच्या झिम्बाब्वे देशात, मास्विंगो शहराजवळ. देशाचं नावच या जागेवरून पडलं. तिथल्या शोना भाषेत 'झिम्बाब्वे'चा अर्थ साधारणपणे 'दगडाची घरं' असा सांगतात. साधारण 1200 ते 1450 या काळात ही जागा भरभराटीत होती. म्हणजे आपल्याकडे देवगिरीला यादव राज्य करत होते तिथपासून बहमनी सुलतानांपर्यंतचा काळ. मुलांना सनावळीपेक्षा हे जास्त लवकर कळतं.

डोळ्यासमोर चित्र आणायचं तर आधी भिंती बघू. एक खडकाळ टेकडी आहे, खालच्या सपाटीपासून साधारण 80 मीटर उंच. टेकडीवर मोठमोठ्या नैसर्गिक शिळांच्या मधल्या जागा भिंतींनी बांधून काढल्या आहेत. खाली सपाटीवर सगळ्यात मोठं, गोलसर आवार आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतीचा घेर सुमारे 250 मीटर, उंची काही ठिकाणी 11 मीटर, म्हणजे तीन मजली इमारतीएवढी, आणि जाडी कुठं कुठं पाच मीटरपर्यंत. आत निमुळता होत गेलेला एक भरीव बुरूज आहे, सुमारे 10 मीटर उंच. आणि या सगळ्यात चुना नाही, माती नाही, काहीच नाही. कोकणात वाडीभोवती गडगा रचतात तसे दगडावर दगड नुसते बसवलेले. फरक इतकाच की हे दगड फोडून, तोंडं सारखी करून, विटांसारख्या थरात लावले आहेत.

दगड आला कुठून? तिथं ग्रॅनाइटचे उघडे डोंगर आहेत. दिवसा ऊन आणि रात्री थंडी, यामुळे ग्रॅनाइटचे पापुद्रे सुटतात, पोळीचे पदर सुटावेत तसे. शिवाय खडकावर जाळ करून वर पाणी ओतलं की आणखी तडे जातात. साधारण एकसारख्या जाडीच्या फरशा हाती येतात, त्या हव्या त्या मापात तोडायच्या. जुन्या भिंती आणि नंतरच्या भिंती वेगळ्या ओळखूही येतात. सुरुवातीच्या भिंतींत दगड ओबडधोबड आहेत आणि थर वरखाली जातात. हात बसल्यावरच्या भिंतींत थर सरळ रेषेत चालतात, भिंत वर जाताना किंचित आत कलते. मोठ्या आवाराची भिंत या दुसऱ्या प्रकारची.

या आवाराच्या भिंतीत सुमारे 9 लाख दगड असावेत असा अंदाज आहे. मी मुलांना फळ्यावर गणित घातलं. समजा 50 माणसं रोज प्रत्येकी 20 दगड बसवतात. झाले रोजचे 1000. म्हणजे 900 दिवस. पण ही माणसं शेतकरी आहेत, पेरणी-कापणी सोडून वर्षाला चारच महिने मोकळे, म्हणजे 120 दिवस. 900 भागिले 120, साडेसात वर्षं. आकडे मी मानलेले आहेत आणि यात दगड फोडणं, वाहणं धरलेलंच नाही. पण लगेच एका मुलीने विचारलं, "बाई, साडेसात वर्षं त्यांना जेवायला कोण घालत होतं?" तिथूनच खरी गोष्ट सुरू होते.

एक लक्षात ठेवा, या भिंती लढाईच्या नाहीत. वर पहाऱ्याच्या जागा नाहीत, बाण मारायच्या जंग्या नाहीत. भिंतींच्या आत माणसं राहत होती ती गोल, मातीच्या घरांत, गवताच्या छपराखाली. भिंतीचं काम होतं आतल्यांना बाहेरच्यांपासून वेगळं दाखवणं. राजाचं घराणं आत, बाकीची हजारो माणसं बाहेर, दाटीवाटीच्या मातीच्या घरांत. पूर्वी इथली वस्ती अठरा हजारांपर्यंत सांगत. अलीकडचे अभ्यासक ती दहा हजारांच्या आतच धरतात. तरीही त्या काळी हे मोठं शहरच.

आता गुरं. टेकडीच्या उतारावर उकिरड्यात हाडांचे प्रचंड ढीग मिळाले. ती हाडं जवळजवळ सगळी गुरांची, आणि त्यातही मोठा भाग कोवळ्या वयाच्या जनावरांचा. ज्याच्याकडे दोन-चार गायी आहेत तो कालवड कापून खाईल का? तो म्हातारं, भाकड जनावर कापेल, तेही नाइलाजाने. भरल्या अंगाचं तरणं जनावर कापणं त्यालाच परवडतं, ज्याच्यामागे मोठा कळप आहे आणि ज्याला गावोगावाहून जनावरं येतात. उकिरड्यातली हाडं अशी श्रीमंतीची नोंदवही असते.

इथं आपल्या मुलांची एक गफलत होते, ती आधीच दूर करा. गुरं म्हटली की आपल्याला बैल, नांगर आणि गाडी आठवते. तिथं नांगर नव्हता आणि चाकाची गाडीही नव्हती. शेती लोखंडी कुदळीने. पीक ज्वारी, बाजरी, नाचणीचं. (जाता जाता, आपली ज्वारी आणि नाचणी मूळची आफ्रिकेतलीच. फार जुन्या काळी ती समुद्रमार्गे आपल्याकडे आली. भाकरी खाताना मुलांना सांगा.) मग गुरं कशाला? दूध, मांस आणि कातडं यासाठी. पण त्याहून मोठं म्हणजे लग्न आणि माणसं जोडण्यासाठी. शोना समाजात मुलाकडचे लोक मुलीच्या घरी गुरं देतात, त्याला 'रोओरा' म्हणतात. ज्याच्याकडे गुरं जास्त, त्याच्या घरात लग्नं जास्त, सोयरे जास्त, शेतात हात जास्त. दुसरी एक चाल म्हणजे मोठ्या माणसाने आपली गुरं गरिबाकडे सांभाळायला देणं. सांभाळणाऱ्याला दूध मिळतं, पण गाय मालकाचीच राहते आणि सांभाळणारा त्याचा मिंधा. आपल्याकडे अर्धलीने शेळी देतात, त्याच जातीचा व्यवहार. या चाली पुढच्या काळातल्या शोना समाजातून माहीत झाल्या आहेत, आणि ग्रेट झिम्बाब्वे शोनांच्याच पूर्वजांनी उभारलं, म्हणून अभ्यासक त्या मागेही लावून पाहतात. शोना भाषेत 'प्फुमा' या शब्दाचा अर्थ संपत्ती, आणि त्यात गुरं आलीच. आपणही 'गोधन', 'पशुधन' म्हणतोच की.

पण एवढी गुरं एका ठिकाणी चरणार कशी? पीटर गार्लेक नावाच्या पुरातत्त्वज्ञाने याचं उत्तर जागेतच शोधलं. ग्रेट झिम्बाब्वे उंच पठाराच्या कडेला आहे. दक्षिणेला आणि पूर्वेला जमीन खाली उतरत जाते. पावसाळा तिथं नोव्हेंबर ते मार्च. (दक्षिण गोलार्ध! नकाशा आणि पृथ्वीगोल जवळ ठेवा, नाहीतर महिने ऐकून मुलं गोंधळतात.) पावसात पठारावर गवत भरपूर. कोरड्या महिन्यांत ते वाळतं आणि निकस होतं, तेव्हा खालच्या सखल भागातला चारा कामाला येतो. मग कायम खालीच का राहायचं नाही? कारण खाली त्से-त्से माशी. ही माशी चावली की गुरांना जीवघेणा आजार होतो. पावसाळी, दमट दिवसांत ती पसरते, कोरड्या थंडीत मागे हटते. म्हणजे माशी हटली की खाली उतरायचं आणि पाऊस आला की वर यायचं. आपले धनगर पाऊस संपल्यावर कळप घेऊन कोकणात उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परत घाटावर चढतात, तसंच. पण यासाठी वरची आणि खालची दोन्ही कुरणं, आणि मधली वाट, एकाच्या ताब्यात हवी. कुरणांसाठी पसरलेली ही सत्ताच पुढे व्यापाराच्या वाटांवरही बसली, असं त्याचं म्हणणं. पूर्वेला समुद्राच्या बाजूला, आजच्या मोझांबिकमध्ये मान्येकेनी नावाची अशीच एक दगडी वस्ती आहे. तिथंही बड्या लोकांच्या भागात गुरांची हाडं जास्त सापडली. मला हे उत्तर पटतं. सगळ्याचं स्पष्टीकरण एकट्या गुरांनी होत नाही, पण 'इथंच का?' या प्रश्नाला त्याने चांगलं उत्तर मिळतं.

कारण सोनं तिथं नाहीच. वाचून आश्चर्य वाटेल, पण ग्रेट झिम्बाब्वेच्या पायाखाली सोन्याची खाण नव्हती. सोन्याचे मुख्य पट्टे पठारावर पश्चिमेला आणि उत्तरेला, दूर पसरलेले.

सोनं काढायच्या दोन रीती. पहिली नदीतली. पाऊस ओसरला, कापणी झाली, नदीचं पाणी उतरलं की बायका-माणसं नदीतली वाळू लाकडी पात्रात घेऊन गोल फिरवत धुणार. हलकी वाळू पाण्याबरोबर जाते, जड सोनं तळाशी राहतं. सराफ बाजारातल्या गटाराची माती धुऊन कण काढणारे झारेकरी तुम्ही पाहिले असतील, अगदी तेच काम. दुसरी रीत खडकातली. सोनं पांढऱ्या गारगोटीच्या शिरांमध्ये असतं. शीर जमिनीवर दिसली की तिच्या मागोमाग खाली खणत जायचं. खडक तापवायचा, पाणी टाकून तडकवायचा, लोखंडी पहारीने सोडवायचा. वर आणलेली गारगोटी ओढ्याकाठच्या खडकातल्या खळग्यांत कुटून पीठ करायची आणि मग तेच धुणं. हे खणणं बहुतेक ठिकाणी तीस मीटरच्या आतच थांबलं, कारण खाली पाणी लागायचं आणि ते उपसायचं साधन नव्हतं. अरुंद बोगद्यांत दरडी कोसळत. काही जुन्या खाणींत माणसांचे सांगाडे मिळाले, त्यात तरुण बायकाही आहेत. 1890 नंतर गोरे लोक सोनं शोधायला आले, तेव्हा त्यांनी नव्याने फार शोधाशोध केली नाही. हे जुने खड्डे बघत बघत त्यांनी आपल्या खाणी आखल्या.

म्हणजे सोनं हा शेतकऱ्याचा रिकाम्या महिन्यांतला जोडधंदा होता, आणि तो शेकडो गावांत विखुरलेला. राजा प्रत्येक नदीवर शिपाई ठेवू शकत नव्हता. त्याला ठेवायची गरजही नव्हती, कारण गावकऱ्याच्या झोपडीतली चिमूटभर सोन्याची भुकटी तिथं फारशी कामाची नव्हती. तिची भाकरी होत नाही, कुदळ होत नाही. सोन्याला खरी मागणी होती समुद्रापलीकडे. तिथवर जायची वाट ज्याच्या हातात, त्याच्याकडे सोनं आपल्या पायाने येणार.

ती वाट आता नकाशावर बोट ठेवून बघू. ग्रेट झिम्बाब्वेहून पूर्वेला, सरळ रेषेत सुमारे 400 किलोमीटरवर सोफाला हे बंदर, आजच्या मोझांबिकच्या किनाऱ्यावर. माल माणसांच्या डोक्यावरून जायचा. ओझ्याची जनावरं माशीच्या पट्ट्यातून टिकत नाहीत. म्हणूनच वजनाला हलका आणि किमतीला भारी मालच परवडतो. सोनं आणि हस्तिदंत जाताना, कापड आणि काचमणी येताना. घरची श्रीमंती गुरांची असली, तरी समुद्रावर विकायला गुरं नेत नव्हते ते म्हणूनच.

सोफालाहून सोनं थेट भारतात किंवा अरबस्तानात जात नसे. यामागे वारा आहे, आणि हा भाग मला शिकवायला सगळ्यात आवडतो. हिवाळ्यात वारे ईशान्येकडून वाहतात. भारत आणि अरबस्तानच्या किनाऱ्यावरून निघालेली गलबतं या वाऱ्यावर आफ्रिकेला पोचतात. एप्रिलनंतर वारा उलटतो, मग परत फिरायचं. हाच वारा पुढे आपल्याकडे पाऊस आणतो. पण या वाऱ्याचा जोर दक्षिणेकडे कमी कमी होत जातो. सोफालापर्यंत जाऊन, माल भरून, त्याच मोसमात परत येणं दूरच्या गलबतांना जमत नसे. त्यांचा पल्ला किलवापर्यंत, म्हणजे आजच्या टांझानियाच्या दक्षिण भागातल्या एका छोट्या बेटापर्यंत. त्यामुळे किलवाच्या लोकांची किनाऱ्यालगतची गलबतं सोफालाचं सोनं वर आणत आणि दूरच्या व्यापाऱ्यांना विकत. वाऱ्याने किलवाला दलालाची जागा दिली. चौदाव्या शतकात तिथल्या सुलतानाने शंभरावर खोल्यांचा, आठकोनी तलाव असलेला महाल बांधला. 1331 मध्ये इब्न बतूता किलवाला येऊन गेला, त्याने शहराची तारीफ केली आहे आणि सोफालाच्या सोन्याचाही उल्लेख केला आहे.

किलवा श्रीमंत झालं त्याच सुमारास ग्रेट झिम्बाब्वेही शिखरावर होतं. नुसता योगायोग म्हणून सोडून देता आला असता. पण ग्रेट झिम्बाब्वेला किलवाचं एक तांब्याचं नाणं सापडलं, त्याच चौदाव्या शतकातल्या सुलतानाच्या नावाचं. एवढंसं नाणं, पण वाटेची दोन्ही टोकं त्याने बांधली. त्याआधी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, सपाटीवरच्या एका आवारात एक ठेवा निघाला होता. त्यात फिकट हिरव्या झिलईची चिनी भांडी होती, अरबी अक्षरं असलेला इराणी वाडगा होता, हजारो काचमणी होते, कवड्या होत्या. आणि त्यांच्याच शेजारी लोखंडी कुदळी, तारेची भेंडोळी, लोखंडी घंटा, म्हणजे स्थानिक माल. चीन, इराण आणि गावातला लोहार एकाच खोलीत.

यात आपण कुठं आहोत? बरेच जवळ. दहाव्या शतकातला अरब लेखक अल्-मसूदी आपल्या चौलला आला होता, तो चौलला 'सैमूर' म्हणतो. हाच माणूस पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरही जाऊन आला. सोफालाकडे सोनं आहे हे त्याने लिहिलं, आणि तिकडचं हस्तिदंत ओमानमार्गे भारतात आणि चीनला जातं हेही लिहिलं. ग्रेट झिम्बाब्वेच्या भिंती उठण्याआधीची ही गोष्ट. पुढे चौलच्या उत्खननात काचमणी मिळाले. त्या काचेचं रासायनिक पृथक्करण केल्यावर तिचा एक प्रकार आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या काही मण्यांशी जुळला. काचेत कुठली वाळू, कुठला क्षार वापरला आहे यावरून घराणं ओळखता येतं, त्याचा हा उपयोग. मात्र 'ग्रेट झिम्बाब्वेचे मणी रायगड जिल्ह्यातून गेले' असं मुलांना सांगू नका. मणी अनेक ठिकाणांहून आले, आणि शतकागणिक ठिकाणं बदलली. कापडात मोठं नाव गुजरातचं, खंबायतचं.

आता तो प्रश्न, जो वर्गात हमखास येतो: "बाई, मणी घेऊन सोनं दिलं? म्हणजे त्यांना फसवलंच ना?" मोठी माणसंही हेच विचारतात. माझं उत्तर असं की थांबा, आधी त्यांच्या बाजूने हिशोब करा. सोनं तिथल्या नदीत आहे, कष्ट केले तर मिळतं. रंगीत काच तिथं कुठं बनत नाही, ती समुद्र ओलांडून येते. त्यांच्या दृष्टीने दुर्मीळ काय? काच. खंबायतच्या व्यापाऱ्याच्या दृष्टीने दुर्मीळ काय? सोनं. दोघंही घरी जाऊन म्हणत असणार, आज चांगला सौदा झाला.

त्यांना काहीच येत नव्हतं म्हणून कापड घेत होते, असंही नाही. ग्रेट झिम्बाब्वेला खापरीच्या गोल चकत्या मिळाल्या, मधे भोक पाडलेल्या. त्या सूत कातायच्या चात्या, म्हणजे कापड तिथंही विणत होते. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीजाने सोफालाच्या लोकांची एक गंमत लिहून ठेवली आहे. त्यांना पांढरं कापड विणता यायचं, पण रंगवता यायचं नाही. मग ते खंबायतचं निळं कापड विकत घेऊन उसवायचे, त्याचा रंगीत दोरा सोडवायचे आणि आपल्या पांढऱ्या सुतात मिसळून स्वतःचं कापड विणायचे. फसवलेलं गिऱ्हाईक असं वागतं का?

आणि मण्यांचं पुढे काय व्हायचं ते बघितलं की राज्याचा हिशोब उलगडतो. एका घराचं वर्ष मनात आणून बघा. ही मी जुळवलेली कल्पना आहे, पण वर सांगितलेल्या गोष्टींवरच बेतलेली. डिसेंबरात नाचणी-ज्वारी पेरली. एप्रिल-मेमध्ये कापली, कणग्या भरल्या. जूनमध्ये घरातली मोठी माणसं नदीवर गेली आणि ऑगस्टपर्यंत वाळू धुतली. हाताशी आली पिसाच्या पोकळ देठात भरलेली थोडी सोन्याची भुकटी. ती गावप्रमुखाकडे दिली, त्याने आपला वाटा ठेवून वर पाठवली. राजाकडून खाली आलं कापड आणि मण्यांच्या माळा. मुलाच्या लग्नाची बोलणी चालू असतील तर ते उपयोगी पडले, पण त्याहून उपयोगी म्हणजे राजाच्या कळपातल्या दोन गायी सांभाळायला मिळाल्या. पुढच्या वर्षी दूध आहे, वासरं आहेत, आणि भिंतीचं बोलावणं आलं की दगड वाहायला जायचंही आहे.

राजाच्या बाजूने बघा. समुद्राचा माल त्याच्याच हातून खाली येतो, म्हणून मान त्याला. मानातून माणसं, माणसांतून गुरं, गुरांतून लग्नं आणि आणखी माणसं. त्या मुलीच्या 'जेवायला कोण घालत होतं' या प्रश्नाचं उत्तर हे. दगड वाहणाऱ्याला धान्य त्याच्याच शेतकरी भावांचं, मांस राजाच्या कळपाचं, आणि गळ्यातली माळ समुद्रापलीकडची. सोन्याने हे चक्र सुरू केलं असं नाही. चक्र गुरांचंच होतं, सोन्याने त्याला बाहेरचा मोठा झोत दिला. याआधीच्या पिढ्यांत दक्षिणेला, लिंपोपो नदीकाठी मापुंगुब्वे नावाच्या टेकडीवर हेच सगळं लहान प्रमाणात घडलं होतं. तिथं एका कबरीत सोन्याच्या पत्र्याने मढवलेला छोटा गेंडा मिळाला. ती वस्ती तेराव्या शतकाच्या अखेरीस ओस पडली.

हे सगळं पाठ्यपुस्तकांत उशिरा का आलं, तेही सांगायला हवं. 1871 मध्ये कार्ल माउख हा जर्मन प्रवासी इथं पोचला. दारावरच्या लाकडी तुळईचा एक कपचा त्याने काढला, तो लालसर आणि सुगंधी होता, त्याच्या हातातल्या पेन्सिलीच्या लाकडासारखा. पेन्सिल देवदाराची, म्हणजे हे लाकूड लेबनॉनचं, म्हणजे हा महाल बायबलमधल्या शेबाच्या राणीचा! एका पेन्सिलीवरून त्याने एवढी मजल मारली. प्रत्यक्षात ते लाकूड आफ्रिकेतल्याच झाडाचं होतं. पण काळ्या माणसांनी असं काही बांधलंच नसेल, हे गोऱ्या राज्यकर्त्यांना सोयीचं होतं, म्हणून ती गोष्ट टिकली. सोन्याचे दागिने शोधायला एक कंपनीच निघाली. नंतर रिचर्ड हॉल नावाच्या देखरेख अधिकाऱ्याने 'आफ्रिकी लोकांची घाण' म्हणून मातीचे थरच्या थर उपसून फेकले. ज्या थरांत पुरावा होता तेच गेले.

उरलेल्या थरांत मात्र 1905 मध्ये डेव्हिड रँडल-मॅकायव्हरने आणि 1929 मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी काळजीपूर्वक खणलं. केटन-थॉम्पसन यांच्याबरोबरच्या दोन्ही सहकारी बायकाच होत्या, मुलींना हे नक्की सांगा. त्यांची रीत साधी आणि वर्गात सांगण्यासारखी: भिंतीच्या आणि जमिनीच्या खाली जे दबलं आहे, ते भिंतीच्या आधीचं किंवा तिच्याच वेळचं. खाली मिळाली ती स्थानिक मातीची भांडी, आणि मध्ययुगातल्या समुद्री व्यापाराचा माल. शेबाच्या राणीच्या काळचं काही नाही. तरीही पुढे ऱ्होडेशियाच्या सरकारला हे उत्तर नको होतं, आणि वर ज्याचं नाव घेतलं त्या गार्लेकला 1970 च्या सुमारास देश सोडावा लागला. 1980 मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा त्याने या जागेचं नाव घेतलं. इथं सापडलेल्या सोपस्टोनच्या पक्ष्यांपैकी एक आज त्यांच्या झेंड्यावर आहे.

राज्य संपलं कसं, हे एका वाक्यात सांगता येत नाही. पंधराव्या शतकाच्या मध्यापासून ही जागा रिकामी होऊ लागली. इतकी माणसं आणि इतकी गुरं एका ठिकाणी राहिली की जळण आणि कुरण दूर दूर जातं, जमीन थकते. दुसरीकडे उत्तरेला झांबेझी नदीच्या बाजूने व्यापाराची वाट वाढत होती, आणि सोन्याच्या पट्ट्यांना ती जास्त सोयीची होती. सत्ता दोन दिशांना गेली: पश्चिमेला खामी इथं, जिथं पुन्हा दगडी भिंती उठल्या, आणि उत्तरेला मुतापा राज्यात. शोना लोककथा सांगते की मुतोटा नावाचा राजपुत्र मिठाच्या शोधात उत्तरेला गेला. 1505 मध्ये पोर्तुगिजांनी सोफालाला किल्ला बांधला, तेव्हा ग्रेट झिम्बाब्वेचे दिवस सरले होते.

हे सांगून झाल्यावर मागच्या बाकावरच्या त्या मुलाने विचारलं, "बाई, मग त्यांच्या गायींचं काय झालं?" मी म्हटलं, माणसं जिकडे गेली तिकडे त्या चालत गेल्या. त्याने मान हलवली, त्याला ते आधीच माहीत असावं.